चॅटमधला मॅस्कॉट: दोन सेकंदांचं काम

एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली विमानातल्या टिपणवहीवर पहिल्यांदा कमरेत वाकला. कल्पना बॉबी कूका यांची आणि चित्र जे. वॉल्टर थॉम्पसनच्या मुंबई कचेरीतल्या उमेश राव यांचं. आठ वर्षांनी आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी विस्कटलेल्या केसांचा, हातात ब्रश घेतलेला गट्टू काढला. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांच्याकडून अमूलची मुलगी आली. तिघांचा स्वभाव वेगळा, पण नोकरी एकच होती: कंपनीच्या वतीने गिऱ्हाइकाशी बोलणं. फलकावर असो वा वर्तमानपत्रात, बोलणारी कंपनी आणि ऐकणारे आपण, हे ठरलेलं होतं.

मेसेजिंगच्या स्टिकरने ही मांडणी उलटी केली. तिथे मॅस्कॉट कंपनीच्या वतीने बोलतच नाही. गिऱ्हाईक तो उचलतं आणि आपल्या नणंदेला, साहेबांना किंवा शाळूसोबत्याला पाठवतं. त्या क्षणी तो नणंदेवरचा राग असतो, साहेबांना दिलेला होकार असतो. मसाल्याची, रंगाची किंवा लोण्याची जाहिरात तो त्या वेळी नसतो. ब्रँडसाठी स्टिकर करायचे तर सगळे निर्णय या एका गोष्टीवरून घ्यावे लागतात, आणि बहुतेक संच फसतात ते ही गोष्ट विसरल्यामुळे. चित्र वाईट असतं म्हणून फसलेले संच त्या मानाने कमी.

जुन्यांपैकी कोण या कामाला लागू पडला असता? महाराजा अवघड आहे. त्याची ओळख एकाच पोझमध्ये आहे आणि ती पोझ सेवकाची आहे. रागावलेला महाराजा हा महाराजाच राहत नाही. अमूलच्या मुलीचा सगळा खट्याळपणा फलकावरच्या कोटीत असतो आणि कोटी त्या आठवड्याच्या बातमीवर असते. चॅटमध्ये ती बातमी दुसऱ्या दिवशी शिळी. माझं मत विचाराल तर व्होडाफोनचे झूझू सगळ्यांत जवळ येतात. २००९ च्या आयपीएलमध्ये ओगिल्वीने त्यांना आणलं, प्रकाश वर्मांच्या निर्वाणा फिल्म्सने चित्रीकरण केलं. कित्येकांना ते ॲनिमेशन वाटलं, प्रत्यक्षात पांढऱ्या पोशाखातली माणसं होती. चेहऱ्यावरचे भाव रबराचे कापून चिकटवलेले होते आणि चित्रण सेकंदाला २० फ्रेमने केल्यामुळे हालचाल किंचित तुटक, गमतीदार दिसायची. मोठं डोकं, काडीसारखे हातपाय, दोन-तीन रेषांचा चेहरा आणि कळेल अशी भाषा नाहीच. स्टिकरला हवं ते सगळं त्यांच्यात होतं, फक्त काळ दोन वर्षं लवकरचा होता.

कारण स्टिकरचा बाजार उभा राहिला तो २०११ मध्ये, जपानमध्ये. लाइन हे ॲप त्या वर्षी जूनमध्ये सुरू झालं आणि काही महिन्यांत त्यात स्टिकर आले. कोरियन चित्रकार कांग ब्योंग-मोक, टोपणनाव मोगी, यांनी काढलेली पात्रं अजून चालतात: ब्राउन नावाचं अस्वल, कोनी नावाची ससुली, मून नावाचा गोल डोक्याचा इसम. ब्राउनच्या चेहऱ्यावर जवळजवळ काहीच भाव नाही, कोनी चिडते, रडते, नाचते, मून उघडउघड टवाळ आहे. पुढे २०१६ मध्ये कोरियातल्या काकाओटॉकने रायन नावाचा आयाळ नसलेला सिंह आणला, त्याचाही चेहरा असाच कोरा. हा योगायोग नव्हे. कोऱ्या चेहऱ्यावर पाठवणारा आपली भावना चढवतो. अतिशय हसरा, दात दाखवणारा, अंगठा वर केलेला मॅस्कॉट एकाच सुरात अडकतो, आणि तो सूर विक्रेत्याचा असतो.

लाइनने कंपन्यांसाठीही वाट काढली. कंपनीचं अधिकृत खातं मित्रयादीत घ्या, तिच्या मॅस्कॉटचा संच ठरावीक मुदतीसाठी फुकट मिळेल. जपानमध्ये मॅस्कॉट करायची सवय इतकी रुळलेली आहे की जिल्ह्या-परगण्यांनाही ते असतात. कुमामोटो परगण्याचा कुमामोन हा २०१० मध्ये मनाबू मिझुनो यांनी आखलेलं काळं अस्वल, त्यातला सर्वांत गाजलेला. त्याचंही तोंड पाहा: फाकलेले डोळे, लाल गाल, भाव कोणताच नाही.

आपल्याकडे प्रश्न व्हॉट्सॲपचा आहे, बाकीचं त्यानंतर. तिथे स्टिकर ऑक्टोबर २०१८ मध्ये आले आणि हलते स्टिकर जुलै २०२० मध्ये. नियम थोडे आणि कडक आहेत. ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा चौकोन, वेबपी प्रकारची फाइल, पार्श्वभूमी पारदर्शक. स्थिर स्टिकर १०० किलोबाइटच्या आत, हलता ५०० च्या आत, आणि एका फेरीची लांबी १० सेकंदांपर्यंत. संचात कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३० स्टिकर, सगळे हलते नाहीतर सगळे स्थिर, भेसळ चालत नाही. यातलं १० सेकंदांचं औदार्य फसवं आहे. चॅटमध्ये स्टिकरकडे कोणी दहा सेकंद बघत नाही. दुसऱ्या सेकंदाला बोट पुढच्या मेसेजवर गेलेलं असतं.

मे २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने आणखी एक गोष्ट केली आणि तिचा स्टिकरवर झालेला परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. मेसेजवर बोट दाबून धरलं की सहा खुणा येऊ लागल्या: अंगठा, बदाम, हसून डोळ्यांत पाणी, आश्चर्य, अश्रू आणि जोडलेले हात. म्हणजे ज्या सहा प्रतिक्रियांनी प्रत्येक संचाची सुरुवात व्हायची, त्या आता एका बोटाच्या अंतरावर फुकट आहेत. नुसता अंगठा दाखवणारा मॅस्कॉट आता कोणी शोधायला जात नाही. स्टिकरने या सहांच्या पलीकडचं काहीतरी बोललं पाहिजे: निघालो, वाट बघतोय, आता पुरे, रुसलोय, तुझं खरं.

हे सगळं एका उदाहरणावर पाहू. समजा, कोल्हापूर भागातला डंकावर कुटलेल्या कांदा-लसूण मसाल्याचा एक मध्यम ब्रँड आहे. मालकाच्या मनात पहिलं येतं ते मिरची: लाल, मिशा असलेली, गॉगल लावलेली. ती सोडून द्यावी. मिरचीचे मॅस्कॉट जगभर आहेत आणि निमुळत्या आकारात चेहऱ्याला जागा उरत नाही. त्याऐवजी खलबत्ता घेऊ. त्याला नाव देऊ बत्तोबा.

पहिल्या कच्च्या चित्रात चेहरा साहजिकच बत्त्यावर जातो, कारण उभं माणूस वाटतं तो बत्ता. ते चित्र लहान करून फोनवर पाहिलं की गडबड कळते. चॅटमध्ये स्टिकर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा दिसतो, निवडायच्या पट्टीत त्याहून निम्मा. बत्त्याचा गोल माथा त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा उरतो, डोळे दिसतच नाहीत. म्हणून चेहरा खलाच्या रुंद पोटावर आणायचा आणि बत्ता डोक्यातून वर आलेल्या शेंडीसारखा ठेवायचा. यात एक फायदा आपोआप मिळतो. बत्ता आता मनःस्थिती दाखवणारा अवयव होतो. ताठ उभा म्हणजे तयार, एका बाजूला कलला म्हणजे शंका, खलाच्या काठावर लोळला म्हणजे थकवा, गरागरा फिरला म्हणजे वैताग, आणि दणकन आपटला म्हणजे पक्का होकार. चेहरा जवळजवळ कोरा ठेवून सगळं बत्त्याकडून बोलवता येतं. हात लहान, बोटांशिवाय, आणि एरवी पोटाशी चिकटलेले. नमस्कार करायला किंवा काही धरायलाच पुढे येतील.

रंगाचाही निर्णय आकाराइतकाच व्यवहाराचा आहे. लोखंडी खल गडद करडा, तो फोनच्या डार्क मोडमध्ये बुडतो. पितळी घेतला तर उठून दिसतो, पण पितळेची चकाकी दाखवायला चित्रकार रंगछटा ओतू लागतो आणि फाइल फुगते. मधला मार्ग म्हणजे सपाट पिवळा, एक गडद सावलीचा पट्टा, एक पांढरा ठिपका. बाहेरून सगळीकडे ८ पिक्सेलची पांढरी किनार, जी व्हॉट्सॲपही सुचवतं. तिच्यामुळे स्टिकर कुठल्याही पार्श्वभूमीवर तुटून दिसतो. ती किनार हलत्या चित्रात प्रत्येक फ्रेमला शेवटी लावायची, आधी नाही, नाहीतर बत्ता खलाच्या पुढून जाताना पांढरी रेघ पोटावरून फिरते.

मग परीक्षा. आकृती पूर्ण काळी भरायची आणि दुसऱ्या माणसाला विचारायचं, हे काय करतंय? नुसत्या सावलीवरून "रुसलाय" असं उत्तर आलं तर पोझ चांगली. "उभा आहे" असं आलं तर चेहरा कितीही सुंदर काढला तरी उपयोग नाही. ही परीक्षा रंग भरण्यापूर्वी, आठही पोझेसची, एकाच कागदावर करावी. दोन सावल्या सारख्या दिसल्या तर त्यातली एक प्रतिक्रिया काढून टाकावी.

आठ म्हटलं, कारण पहिल्या खेपेला तेवढ्याच पुरतात: हो, नको, निघाल्याची खबर, वाट बघणं, अभिनंदन, नमस्कार, रुसवा, आणि "आता काय बोलू" असा हताशपणा. शेवटच्या दोनांवर मालकाच्या कचेरीत वाद होतो. आमचा ब्रँड उदास का दाखवायचा, असा प्रश्न येतो. उत्तर असं की कुटुंबाच्या गटात बाकीचे सहा एकदा येतील, हे दोन रोज येतील. आनंद व्यक्त करायला लोकांकडे साधनं भरपूर आहेत. नाराजी कडवटपणा न आणता सांगायला साधन कमी आहे, आणि मॅस्कॉट तिथे खरा कामाला येतो. लाइनच्या मूनने हेच केलं. ज्या संचात एकही तिरकस स्टिकर नाही, तो संच एकदा उतरवून घेतला जातो आणि पट्टीच्या तळाशी पडून राहतो.

संचातून आणखी एक वस्तू काढायची आहे ती म्हणजे लोगो. मसाल्याच्या पाकिटासकट नाचणारा बत्तोबा कोणी सासऱ्यांना पाठवणार नाही. खलाचा पिवळा आणि पाकिटावरचा पिवळा एकच ठेवला, पाकिटावर हाच बत्तोबा छापला, की ओळख पटायला तेवढं पुरतं.

स्टिकरवरच्या शब्दांत मराठीची स्वतःची अडचण आहे. इंग्रजी स्टिकरवर एकच वाक्य सगळ्यांना चालून जातं. मराठीत "निघालो" लिहिलं की बहुतेक बायका तो स्टिकर वापरू शकत नाहीत, "जेवलास का" लिहिलं की तो काकांना पाठवता येत नाही आणि "जेवलात का" हे लहान भावाला पाठवलं तर थट्टा वाटते. क्रियापद आलं की बहुतेक वेळा लिंग किंवा मान ठरून जातो. यावर तीन उपाय आहेत. लिंग-मान ठरवणारं क्रियापद टाळायचं: "हो", "बरं", "चला", "वा!", "नको", "पुरे". किंवा "आलोच" आणि "आलेच" असे दोन वेगळे स्टिकर करायचे. ॲनिमेशन तेच, फक्त अक्षरं बदलायची, म्हणजे खर्च नगण्य. किंवा शब्दच काढायचे आणि बत्तोबाला पिशवी घेऊन पळवायचं. मला तिसरा सर्वांत आवडतो, पण "चला" हा शब्द आपल्याकडे इतक्या कामांना येतो की तो सोडवत नाही. अक्षरं काढताना शिरोरेषेवरच्या मात्रा, रफार, अनुस्वार लहान आकारात आधी नाहीसे होतात. म्हणून अक्षर जाड, वरच्या खुणा नेहमीपेक्षा मोठ्या आणि एका स्टिकरवर दोन शब्दांच्या वर नाही.

आता लूप. "हो" हा स्टिकर घेऊ. बत्ता वर उचलला जातो, दणकन खलात आपटतो, खल किंचित दबतो आणि पुन्हा सावरतो. नवखा ॲनिमेटर हे जसं घडतं त्याच क्रमाने मांडतो: आधी शांत उभा, मग उचल, मग आपट, मग शेवटची पोझ. इथेच चूक होते. स्टिकर निवडायच्या पट्टीत किंवा मंद नेटवर्कवर बऱ्याचदा पहिली फ्रेमच स्थिर दिसते, आणि पहिल्या फ्रेममध्ये बत्तोबा नुसता उभा असेल तर आठही स्टिकर सारखेच दिसतील. म्हणून लूप निष्कर्षापासून सुरू करायचा. बत्ता आपटलेला, खल दबलेला, डोळे घट्ट मिटलेले, ही पहिली फ्रेम. गोष्ट शेवटाकडून सुरू झाली तरी फिरत्या चक्रात ते कोणाला जाणवत नाही.

वेळेचा हिशोब असा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, पण हातचं ॲनिमेशन बहुधा एक चित्र दोन फ्रेम धरून करतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. दोन सेकंदांच्या लूपला २४ घरं मिळाली. त्यातली पहिली ९ घरं पहिल्या पोझवर थांबायचं. पुढची ४ घरं अंग सैल होऊन बत्ता वर येण्याची. मग ४ घरं पूर्वतयारीची: बत्ता हळूहळू पूर्ण वर, खल ताणून उंच. आपट फक्त २ घरांत. त्यानंतर १ घर अतिरेकाचं, ज्यात खल गरजेपेक्षा जास्त चपटा होतो. शेवटची ४ घरं सावरण्याची, आणि त्यातलं शेवटचं चित्र पहिल्या पोझच्या अगदी अलीकडचं. एकूण २४. आपट जोरात वाटते ती बत्ता वेगाने हलतो म्हणून नव्हे, तर तिच्याआधीची तयारी तिच्या दुप्पट वेळ घेते म्हणून. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात डिस्नेची जी बारा तत्त्वं मांडली त्यातली पूर्वतयारी आणि दबणं-ताणणं ही दोनच इथे वापरली आहेत, आणि स्टिकरपुरती तीच जवळजवळ सगळं काम करतात. दबताना खल रुंद व्हायला हवा. नुसता बुटका केला तर तो दबल्यासारखा नाही, लहान झाल्यासारखा दिसतो.

२४ घरं असली तरी चित्रं १६ च लागतात, कारण पहिली ९ घरं एका चित्राने भरली. ते चित्र ७५५ मिलिसेकंद धरायचं आणि उरलेली १५ प्रत्येकी ८३. बेरीज बरोबर २००० होते. गुगलच्या वेबपी साधनांतल्या एका आज्ञेने फाइल तयार होते:

```
img2webp -loop 0 -lossy -q 70 \
  -d 755 ho_01.png \
  -d 83 ho_0[2-9].png ho_1[0-6].png \
  -o ho.webp
```

`-loop 0` म्हणजे अखंड फेऱ्या, `-d` म्हणजे त्यापुढच्या चित्रांचा कालावधी. १६ चित्रं सरासरी २० किलोबाइटची धरली तर ३२०, मर्यादेत. फाइल ५०० च्या वर गेली तर लोक आधी `-q` म्हणजे दर्जा उतरवतात आणि कडा चिखल होतात. आधी चित्राकडे बघावं. वेबपी दोन फ्रेममधला बदललेला भागच साठवतो, म्हणून स्थिर होल्ड जवळजवळ फुकट असतो आणि सतत डुलणारं अंग महाग पडतं. मऊ सावली, चमक, रंगछटा काढल्या की बहुतेक वेळा दर्जाला हात लावावा लागत नाही.

हे सोळा चित्रांचं आणि दोन सेकंदांचं माप मी उगाच धरलेलं नाही. लाइनचे हलते स्टिकर एपीएनजी प्रकारचे, जास्तीत जास्त ३२० बाय २७० पिक्सेलचे असतात. फ्रेम ५ ते २०, आणि वेळ पूर्ण सेकंदांत, चारपर्यंत. शिवाय संचात ८, १६ किंवा २४ स्टिकर हवेत. टेलिग्रामची मर्यादा ३ सेकंद. म्हणजे दोन सेकंदांत, वीस फ्रेमच्या आत, आठचा संच बसवला तर तीनही ठिकाणी तोच लूप चालतो, फक्त आकार आणि फाइलचा प्रकार बदलतो. उलट पाच सेकंदांची छोटी नाटुकली केली तर ती व्हॉट्सॲपखेरीज कुठेच जात नाही.

टेलिग्रामचं थोडं वेगळं आहे. त्याचे २०१९ चे हलते स्टिकर सदिश रेषांचे, ६४ किलोबाइटच्या आत. त्यांत फोटो, मजकुराचा थर, इफेक्ट असं काही चालत नाही. अक्षरंसुद्धा आकारांत बदलून द्यावी लागतात. ते कापलेल्या अवयवांच्या कठपुतळीला सोयीचं आहे. हाताने काढलेल्या चित्रांसाठी त्यांनी २०२२ मध्ये व्हिडिओ स्टिकर आणले, वेबएम फाइल, २५६ किलोबाइटपर्यंत.

कठपुतळी की हातची चित्रं, हा प्रश्न खर्चाचा आहे. आठ लूप गुणिले सोळा म्हणजे १२८ चित्रं, तीही स्वच्छ रेषेची. आफ्टर इफेक्ट्स, मोहो किंवा फुकटच्या ओपनटून्झमध्ये अवयव वेगळे करून सांधे जोडले तर खूप वेळ वाचतो. पण त्यात संगणक दोन पोझेसमधली जागा स्वतः भरतो आणि हालचाल पाण्यात तरंगल्यासारखी होते. ओळखायची खूण सोपी: सगळे अवयव एकाच वेळी निघतात आणि एकाच वेळी थांबतात. बत्ता आधी, खल दोन फ्रेम मागून, हात आणखी एक फ्रेम मागून असं सरकवलं आणि मधल्या भरतीऐवजी सेकंदाला १२ ठोस पायऱ्या ठेवल्या की जीव येतो. बत्तोबासारख्या साध्या पात्रासाठी मी खल हाताने काढीन, कारण तो दबतो-ताणतो, आणि बत्ता सांध्यावर फिरवीन.

लूप बिघडला हे कळतं कसं? दर फेरीला एक बारीकशी ठेच लागत असेल तर पहिली फ्रेम शेवटी पुन्हा जोडली गेली आहे. ती काढून टाकायची. संचातले स्टिकर एकामागून एक पाहताना बत्तोबा लहान-मोठा होत असेल तर सगळ्या फाइलींना पायाची एकच रेषा आणि खलाची एकच रुंदी ठरवलेली नव्हती. डार्क मोडमध्ये कडेला दातेरी पांढरी झालर दिसली तर कुठेतरी मधे जीआयएफ वापरलं गेलं. १९८७ चा तो प्रकार २५६ रंगांचा आहे आणि त्यातला पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण अपारदर्शक, मधलं काही नाही. पीएनजीवरून थेट वेबपी करावं, जीआयएफच्या वाटेने जाऊ नये. आणि रागाच्या स्टिकरमध्ये लालभडक चमका मारायचा मोह आवरावा: सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगझगाट अपस्माराच्या काही रुग्णांना त्रासदायक ठरतो, म्हणून वेबच्या सुलभता नियमांनी ती सीमा घातली आहे.

संच पोचवायचा कसा, हे व्हॉट्सॲपवर अजून ओबडधोबडच आहे. अधिकृत वाट म्हणजे कंपनीने दिलेल्या नमुना कोडवर आपलं छोटं ॲप करून प्ले स्टोअरवर ठेवणं. मसाल्यासाठी कोणी ॲप उतरवत नाही, हे सांगायला नको. प्रत्यक्षात संच पसरतो तो एकाने पाठवला, दुसऱ्याने दाबून आपल्या आवडत्यांत ठेवला, असा. दुकानदारांशी आणि वितरकांशी रोज बोलणाऱ्या विक्री विभागाच्या फोनवरून सुरुवात केली तर ही साखळी आपोआप चालू होते. मोजमाप मात्र सोडून द्यावं लागतं. तिथले संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात, कोणता स्टिकर किती वेळा गेला हे ब्रँडला कळायचा मार्ग नाही. ॲप केलं असेल तर ते किती जणांनी उतरवलं एवढाच आकडा मिळतो. मोजल्याशिवाय ज्यांना पैसे घालवत नाहीत त्यांनी जिफीचा रस्ता धरावा, तिथे खात्यावर पाहिल्याचे आकडे तरी दिसतात. पण पाहिलं आणि पाठवलं यात फरक आहे.

कागदपत्रांचं शेवटी, कारण तेच शेवटी आठवतं आणि महाग पडतं. बाहेरच्या चित्रकाराकडून मॅस्कॉट करून घेतला, पैसे चुकते केले, म्हणजे हक्क आपले झाले असं धरून चालू नये. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं हस्तांतर झालं असं मानतात. दुबईतल्या मराठी गिऱ्हाइकाला मसाला विकणाऱ्याला ही दुसरी ओळ चांगलीच लागू आहे. करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: मुदत, प्रदेश, नव्या पोझेस कोणी काढायच्या, आणि थरांसकट मूळ फाइली कोणाकडे राहणार. मूळ फाइली नसतील तर पुढच्या दिवाळीला आकाशकंदील धरलेला बत्तोबा पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो. चित्रकारानेही या चार ओळींचे वेगळे पैसे मागावेत; पोझ काढणं आणि पात्र कायमचं देऊन टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपल्याकडे दुसऱ्याचा मोबदला बहुतेक वेळा पहिल्यातच गिळला जातो.

आठ लूपचं काम हाती घेणाऱ्याला माझा सल्ला एवढाच: आधी रुसव्याचा लूप पूर्ण करा आणि मालकाला तो दाखवा. त्याला तो मंजूर नसेल तर उरलेले सात करू नका. पाकिटावरचं स्थिर चित्र त्या ब्रँडला पुरेसं आहे.